नव्वद डॉलरची बाहुली आणि पाच मिनिटांची फिल्म

२०१३ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये यूट्यूबवर ‘बी अँड पपीकॅट’ नावाची एक छोटी ॲनिमेशन फिल्म दोन भागांत आली. अमेरिकेतल्या नताशा अलेग्री या तरुण चित्रकर्तीची ही निर्मिती. कामावरून नुकतीच काढलेली बी नावाची मुलगी आणि आकाशातून तिच्या अंगावर पडलेला, धड कुत्रा नाही धड मांजर नाही असा एक चिडका प्राणी, एवढाच मामला. पण लोकांना ती जोडी इतकी आवडली, की पुढचे भाग कधी येणार, अशी विचारणा सुरू झाली. पुढचे भाग काढायला पैसे नव्हते. ऑक्टोबरमध्ये फ्रेडरेटर स्टुडिओने किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांपुढे हात पसरला आणि सहा छोट्या भागांसाठी ६ लाख डॉलर मागितले. महिनाभरात १८,२०९ लोकांनी मिळून ८ लाख ७२ हजार १३३ डॉलर दिले.

भागाकार केला तर माणशी साधारण ४८ डॉलर पडतात. याचा अर्थ हे पैसे कुणा धनिकाने दिलेले नव्हते. हजारो साध्या प्रेक्षकांनी खिशाला झेपेल तेवढी रक्कम दिली होती. आपल्याकडे गणपतीची वर्गणी जमते तसाच हा प्रकार, मात्र इथे पावतीबरोबर काहीतरी हातात द्यावं लागतं. नफ्यातला वाटा देता येत नाही, किकस्टार्टरचा तसा नियमच आहे. त्यामुळे अमुक रक्कम दिलीत तर फिल्मची डिजिटल प्रत, तमुक दिलीत तर चित्रांचं पुस्तक, त्याहून जास्त दिलीत तर मऊ बाहुली, अशी चढती उतरंड लावली जाते. या प्रत्येक पायरीला म्हणतात रिवॉर्ड टियर.

स्वतंत्रपणे मालिका काढू पाहणारे चित्रकार या टियरकडे बहुतेक वेळा आकर्षण म्हणून बघतात. काय दिलं तर लोक जास्त पैसे देतील, एवढाच प्रश्न त्यांच्या डोक्यात असतो. खरं तर प्रत्येक टियरला विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: यातून फिल्मसाठी किती उरतं? हा हिशोब कागदावर मांडला की भल्याभल्यांचे अंदाज चुकलेले दिसतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन जणांना आपल्या मालिकेचा पाच मिनिटांचा पहिला भाग करायचा आहे. आवाज, संगीत, पार्श्वभूमीची चित्रं, रंगकाम असं सगळं धरून मिनिटाला ८ हजार डॉलर, म्हणजे एकूण ४० हजार डॉलर लागतील असं मानू. किकस्टार्टर जमलेल्या रकमेतून ५ टक्के घेतं. कार्डाचे पैसे वळते करणारी कंपनी आणखी साधारण ३ टक्के आणि प्रत्येक व्यवहारामागे २० सेंट घेते.

आता पहिला टियर २५ डॉलरचा. त्यात फिल्मची डिजिटल प्रत, स्टोरीबोर्डची पीडीएफ आणि श्रेयनामावलीत नाव. या टियरवर दोन्ही शुल्कांचे २ डॉलर २० सेंट जातात आणि २२ डॉलर ८० सेंट हातात राहतात. पीडीएफ एकदा तयार झाली की ती दहा जणांना पाठवा नाहीतर हजार जणांना, खर्च तोच.

दुसरा टियर ९० डॉलरचा, त्यात नायिकेच्या पाळीव प्राण्याची मऊ बाहुली. कारखाना म्हणतो, एक बाहुली १२ डॉलरला पडेल. ९० मधून १२ गेले तरी भरपूर उरतात, असं वाटणं साहजिक आहे. पण बाहुल्यांचे कारखाने दहा-वीस नग शिवून देत नाहीत, त्यांची किमान ऑर्डर असते. ती ५०० नगांची आहे असं धरू. म्हणजे ६ हजार डॉलर झाले. नमुना शिवून घेणं, त्यात दुरुस्त्या करणं आणि जहाजाने माल आणणं यांचे आणखी दीड हजार. एकूण साडेसात हजार. आणि बाहुलीचा टियर घेतला किती जणांनी? १२०. म्हणजे प्रत्येक बाहुली १२ डॉलरला नाही, साडेबासष्ट डॉलरला पडली. ९० मधून ७ डॉलर ४० सेंट शुल्क आणि ही साडेबासष्ट वजा केली की उरतात २० डॉलर १० सेंट. पंचवीसवाल्या पीडीएफने फिल्मला जेवढं दिलं, त्याहून नव्वदवाल्या बाहुलीने कमी दिलं! शिवाय ३८० बाहुल्या खोक्यांत भरून निर्मात्याच्या घरी पडून आहेत.

बाहुली वाईट असं यातून निघत नाही. पाचशे जणांनी तोच टियर घेतला असता तर बाहुली १५ डॉलरला पडली असती आणि प्रत्येकामागे साडेसदुसष्ट डॉलरच्या आसपास फिल्मला मिळाले असते. सगळा फरक संख्येचा आहे. म्हणून जाणते लोक टियर ठरवण्याआधी कारखान्याकडून लेखी दर मागवतात, किमान ऑर्डर विचारतात आणि किती जणांनी घेतलं की हा टियर परवडतो, तो आकडा काढतात. आकडा आवाक्याबाहेरचा वाटला तर बाहुलीऐवजी छापील पोस्टर किंवा पोस्टकार्डांचा संच ठेवतात. छपाई थोड्या प्रतींतही होते, वस्तू सपाट असते, वजन कमी आणि फुटण्याची भीती नाही.

टपालखर्च हा तर स्वतंत्र सापळा आहे. अमेरिकेतून अमेरिकेत जाणारं पाकीट आणि अमेरिकेतून पुण्याला येणारं पाकीट यांच्या खर्चात कितीतरी पटींचा फरक असतो, वर इकडे सीमाशुल्काचं बिल वेगळं येऊ शकतं. म्हणून टपालखर्च टियरच्या किमतीत गुंडाळू नये. मोहीम संपून वस्तू रवाना करायची वेळ आली की त्या वेळच्या दराने, देशानुसार वेगळा घ्यावा आणि तो वेगळा घेणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहावं. परदेशी प्रेक्षकांसाठी चांगला, भरगच्च डिजिटल टियर ठेवणं हे त्याहून महत्त्वाचं. भारतातून एखाद्या अमेरिकन मालिकेला हातभार लावू पाहणाऱ्या तरुणाला पंधरा डॉलरच्या पिनेसाठी तीस डॉलर टपाल भरायला लावलं तर तो निमूट निघून जातो.

वस्तूंपेक्षाही महाग पडतो तो चित्रकाराचा वेळ, आणि तो कोणत्याच बिलात दिसत नाही. ‘२५० डॉलर द्या, आम्ही तुमचं चित्र मालिकेच्या शैलीत काढून देऊ’ हा टियर फार लोकप्रिय असतो. साहित्याचा खर्च शून्य, म्हणून तो फुकटातला वाटतो. एका चित्राला चार तास धरले आणि तीस जणांनी घेतलं, तर १२० तास झाले. मालिकेची मुख्य चित्रकर्ती तीन आठवडे मालिकेचं काम बाजूला ठेवून लोकांचे चेहरे काढत बसेल. हा टियर ठेवायचा तर दहा जणांपुरता ठेवावा. टियरला संख्येची मर्यादा घालायची सोय किकस्टार्टरवर असतेच.

आणखी वरचा टियर असतो तो ‘तुम्ही मालिकेत दिसाल’ हा. ५०० डॉलर देणाऱ्याचा चेहरा गर्दीच्या एखाद्या दृश्यात घालायचा. इथे ॲनिमेशनची जाण लागते. ती व्यक्ती दृश्यात चालत असेल, तर तिची डझनावारी चित्रं काढावी लागतील. तीच जर बाजाराच्या पार्श्वभूमीत भाजी निवडत उभी असेल, तर एकदाच रंगवली की झालं. म्हणून टियरच्या मजकुरात ‘पार्श्वभूमीतील स्थिर पात्र’ असं लिहावं. फोटो पाठवायची शेवटची तारीखही तिथेच लिहावी, आणि ती पार्श्वभूमीची मांडणी पक्की होण्याच्या आधीची असावी. नाहीतर एका माणसाचा फोटो येईना म्हणून अख्खं दृश्य अडकून पडतं.

हे सगळं मांडून झाल्यावर उद्दिष्टाची रक्कम ठरते, आधी नाही. आपल्या उदाहरणात वस्तू आणि त्यांची पाठवणी यांवर जमलेल्या रकमेचे १५ टक्के जातील असं धरू. शुल्कांचे ९ टक्के. काही जणांची कार्डं ऐनवेळी चालत नाहीत, त्याचे २ टक्के. म्हणजे २६ टक्के वजा. चाळीस हजार हातात यायला हवेत, तर मागायला हवेत ५४ हजार. अमेरिकेत ही रक्कम साधारणपणे उत्पन्न म्हणून मोजली जाते, तेव्हा कराचा विचार वेगळा. मोहीम डिसेंबरात संपली आणि खर्च पुढच्या वर्षी झाला, तर कर अंगावर येऊ शकतो. माणशी ४५ डॉलर धरले, म्हणजे ‘पपीकॅट’च्या सरासरीच्या जवळपास, तर या दोघांना बाराशे पाठीराखे लागतील. एवढी माणसं आपल्याला ओळखतात का, हे मोहिमेआधी प्रामाणिकपणे तपासायला हवं. किकस्टार्टरवर उद्दिष्ट गाठलं नाही तर एक पैसाही मिळत नाही.

किकस्टार्टर भारतातल्या निर्मात्यांना मोहीम उघडू देत नाही. पण हा मार्ग इथेही चोखाळला गेला आहे. बंगळुरूच्या रविशंकर यांनी ‘पुण्यकोटी’ या संस्कृत ॲनिमेशनपटासाठी विशबेरी या भारतीय मंचावरून सुमारे ४० लाख रुपये लोकांकडून उभे केले आणि २०२०मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. हिशोबाची रीत चलन बदललं तरी बदलत नाही.

आता मोहिमेच्या व्हिडिओकडे वळू. लोक पैसे देतात ते अजून न घडलेल्या गोष्टीसाठी. तेव्हा व्हिडिओचं काम एकच: ही माणसं हे करू शकतात, याचा पुरावा देणं. ‘पपीकॅट’कडे हा पुरावा आधीच होता, पहिली फिल्म लोकांनी पाहिलेली होती. जपानच्या ट्रिगर स्टुडिओचंही तसंच. त्यांची ‘लिटल विच अकॅडेमिया’ ही छोटी फिल्म २०१३मध्ये इंग्रजी सबटायटल्ससह यूट्यूबवर आली आणि जगभर पोहोचली. दुसरा भाग वीस मिनिटांचा होणार होता. तो पस्तीस मिनिटांचा करायला त्यांनी जुलैमध्ये दीड लाख डॉलर मागितले. ते काही तासांत जमले आणि शेवटी आकडा गेला ६ लाख २५ हजारांवर. ‘आणखी पंधरा मिनिटं’ ही मागणी किती नेमकी आहे पाहा. देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय होणार हे एका वाक्यात कळतं.

ज्यांच्याकडे अशी आधीची फिल्म नाही, त्यांना व्हिडिओतच तुकडा दाखवावा लागतो. पूर्ण रंगवलेला, आवाज आणि संगीत असलेला वीस सेकंदांचा तुकडा पुरतो. मिनिटाला ८ हजार या दराने त्याचा खर्च होतो सुमारे २,७०० डॉलर, आणि तो मोहिमेआधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो. इथे काटकसर करून नुसती स्थिर चित्रं सरकवली, की मालिका हलताना कशी दिसेल ते प्रेक्षकाला कळत नाही.

पण उलटी चूक जास्त घातक आहे. चित्रपटाच्या सेकंदात चोवीस फ्रेम असतात. बहुतेक हाताने काढलेल्या मालिकांत एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. वीस सेकंदांत सतत हलणाऱ्या एका पात्राची झाली २४० चित्रं. व्हिडिओत छाप पाडायची म्हणून प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं, तर तीच होतात ४८०. हालचाल लोण्यासारखी दिसते, लोक भाळतात आणि मग पाच मिनिटांचा भाग त्याच दर्जाचा हवा अशी अपेक्षा धरतात. ५४ हजारांचं उद्दिष्ट तर सेकंदाला बारा चित्रांच्या हिशोबाने काढलेलं! म्हणून नमुन्याचा तुकडा मालिकेसाठी ठरवलेल्या पद्धतीनेच करावा. तेवढ्यावर तो लक्ष वेधत नसेल, तर पात्रांच्या रेखाटनावर किंवा प्रसंगावर अजून काम हवं, चित्रांची संख्या वाढवून ते झाकता येणार नाही.

हा तुकडा व्हिडिओच्या अगदी सुरुवातीला यावा. ‘नमस्कार, आम्ही अमुक तमुक’ म्हणणारा चेहरा पहिल्या दहा सेकंदांत आला, की नवखा माणूस पुढे जातो. आधी पात्र दिसू दे, त्याला काय हवंय आणि काय आडवं येतंय ते कळू दे. मग नाव, मग एका वाक्यात गोष्ट. त्यानंतर निर्मात्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर यावं, कारण पैसे शेवटी माणसांवर विश्वास ठेवून दिले जातात.

सगळ्यात बोलका भाग त्यानंतरचा असू शकतो. मघाशी पाहिलेलंच एक दृश्य, समजा मुलगी दार ढकलून आत येते ते, चार अवस्थांत दाखवायचं. आधी स्टोरीबोर्डवरचं पेन्सिलचं खरडणं. मग ॲनिमॅटिक, म्हणजे तीच चित्रं वेळेत बसवून तात्पुरत्या आवाजासह. मग स्वच्छ रेषा. मग रंग. पंधरा सेकंद पुरतात. ॲनिमेशनमधलं काही न कळणाऱ्या माणसालाही पैसे कुठे जातात ते डोळ्यांनी दिसतं, आणि जाणकाराला दिसतं की या मंडळींना कामाचे टप्पे माहीत आहेत. ॲनिमॅटिक दाखवताना पडद्यावर तसं लिहावं, म्हणजे कच्च्या कामाला कुणी पक्कं समजणार नाही.

मग पैशांचा हिशोब तोंडी, दोन-तीन वाक्यांत. आणि टियर फक्त तीन दाखवावेत, तेही शक्यतो खऱ्या वस्तू हातात धरून. सगळे टियर वाचून दाखवणारा व्हिडिओ दरपत्रकासारखा होतो, बाकीचे पानावर लिहिलेले असतातच. एकूण लांबी दोन-अडीच मिनिटं. सबटायटल्स हवीतच, कारण याच व्हिडिओचे तुकडे समाजमाध्यमांवर फिरतात आणि तिथे लोक ते बहुधा आवाज बंद ठेवून पाहतात. संगीत स्वतःच्या संगीतकाराकडून करून घ्यावं. संकलन करताना तात्पुरतं म्हणून लावलेलं एखाद्या सिनेमाचं गाणं तसंच राहून गेलं, तर ऐन मोहिमेत व्हिडिओ उतरवायची वेळ येऊ शकते.

व्हिडिओ जमला की नाही हे पाहण्याचा एक साधा उपाय आहे. मालिकेबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला पहिली वीस सेकंदं दाखवायची आणि गोष्ट कुणाची आहे ते विचारायचं. उत्तर अडखळलं तर संकलन पुन्हा. मोहीम सुरू झाल्यावर किती जणांनी व्हिडिओ सुरू केला आणि किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, हे निर्मात्याला किकस्टार्टरवर दिसतं. बरेच जण पूर्ण पाहूनही पैसे देत नसतील, तर दोष बहुधा व्हिडिओत नाही, टियरमध्ये आहे. फार थोडे जण शेवटपर्यंत टिकत असतील, तर सुरुवात बदलायला हवी. व्हिडिओ चालू मोहिमेतही बदलता येतो. टियरचं तसं नाही. एकदा कुणी तो निवडला, की त्याची किंमत किंवा मजकूर बदलता येत नाही, फार तर नवा टियर जोडता येतो.

उद्दिष्ट लवकर गाठलं तर पुढे काय द्यायचं, हेही आधी ठरवलेलं बरं. अमेरिकेतल्या ‘क्रिटिकल रोल’ या चमूने मार्च २०१९मध्ये ‘द लेजंड ऑफ वॉक्स मॅकिना’च्या २२ मिनिटांच्या एका विशेष भागासाठी साडेसात लाख डॉलर मागितले. ते तासाभरात जमले. वाढीव टप्प्यांत त्यांनी मुख्यतः मालिकेची लांबीच वाढवत नेली. ८८,८८७ लोकांनी मिळून १ कोटी १३ लाख डॉलरहून अधिक दिले, तोवर एका भागाची दहा भागांची मालिका झाली होती. चालू मोहिमेत नव्या वस्तू वाढवत गेलं तर प्रत्येक वस्तूबरोबर नवा कारखाना, नवा नमुना आणि जड पाकीट येतं. मिनिटं वाढवली तर पैसा फिल्ममध्येच राहतो. अर्थात मिनिटांना वेळ लागतो. २०२०च्या शरद ऋतूत येणारी फिल्म ॲमेझॉनने आणखी भाग मागवल्यावर मोठी मालिका होऊन २८ जानेवारी २०२२ला आली. ‘पपीकॅट’चे पहिले भाग पैसे जमल्यानंतर वर्षाने आले आणि शेवटचे तीन वर्षांनी. हे दोन्ही मागे स्टुडिओ असलेले गट होते.

म्हणून दोघा जणांच्या आपल्या काल्पनिक मोहिमेत प्रत्येक टियरखाली एकच तारीख लिहिण्याऐवजी दोन लिहाव्यात: पोस्टर आणि पुस्तक कधी निघेल ती एक, फिल्म कधी हातात पडेल ती दुसरी. स्टोरीबोर्डची पीडीएफ तर मोहीम संपल्यावर दोन-तीन महिन्यांत पाठवता येते, कारण ते काम तोपर्यंत झालेलं असतं. मालिका पुढे एखाद्या वाहिनीने घेतली, तर तिची डिजिटल प्रत वाटण्यावर वाहिनी बंधन घालू पाहील. तेव्हा टियरमध्ये ती प्रत देण्याचं वचन असेल, तर वाहिनीशी करार करताना हे बाराशे जण पहिल्याच मसुद्यात अपवाद म्हणून लिहून घ्यावे लागतील.